स्वतःच्याच सायकलची चोरी

माझी भाची लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आयएलएस विधी महाविद्यालयात शिकते. मी शिवाजीनगर न्यायालयात वकिली करते, त्यामुळे परीक्षा जवळ आली की तिची वही माझ्या टेबलावर येते. गेल्या वेळी तिने फौजदारी कायद्याच्या वहीतले चोरीचे पान उघडून दाखवले. पान नीटनेटके होते. चोरीचे पाच घटक क्रमांक घालून लिहिलेले होते आणि ते तिला तोंडपाठ होते. अडचण वेगळीच होती. प्रश्नपत्रिकेत "खालील घटनेत कोणता गुन्हा घडला ते सकारण सांगा" असा प्रश्न आला की तिला सुरुवात सुचत नसे. सरावासाठी घटना हव्यात म्हणून तिने जुन्या प्रश्नपत्रिका शोधल्या होत्या. त्यातल्या दहा-बारा घटना सोडवून झाल्यावर उत्तरेही पाठ झाली आणि सराव तिथेच थांबला.

मी तिला म्हटले, घटना आपणच तयार करू. लागणारे साहित्य तुझ्याजवळ आहे. एक कायद्याचे मूळ पुस्तक, ज्याला सगळे बेअर अ‍ॅक्ट म्हणतात, आणि दुसरी ही तुझी वही. पुढच्या दोन रविवारी आम्ही जे केले, ते इथे सविस्तर मांडते. त्यासाठी एकच कलम घेते, कारण ही पद्धत एका कलमावरच नीट समजते.

कलमातच दडलेली शाळा

भारतीय न्याय संहिता, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्यातले कलम ३०३(१) चोरीची व्याख्या करते. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच व्याख्या कलम ३७८ मध्ये होती. सोप्या मराठीत ती अशी सांगता येईल: एखाद्या व्यक्तीच्या कब्जातली जंगम वस्तू, तिच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घेण्याच्या इराद्याने, ती घेता यावी म्हणून जागची हलवणे म्हणजे चोरी.

व्याख्येखाली काही स्पष्टीकरणे आहेत आणि त्याखाली सोळा उदाहरणे आहेत. इंग्रजीतल्या ए पासून पी पर्यंतच्या अक्षरांनी ती ओळखली जातात. बहुतेक विद्यार्थी ही उदाहरणे चाळून पुढे जातात. भाचीच्या वहीत त्यांच्यापुढे एवढेच लिहिले होते: "उदाहरणे – पुस्तकात पाहा."

खरे तर सरावाची पहिली वही ही उदाहरणेच आहेत. मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा सादर केला, तेव्हा उदाहरणे त्यात जाणीवपूर्वक घातली होती. एकच ग्रंथ कायद्याचे पुस्तकही व्हावा आणि निवाड्यांचा संग्रहही व्हावा, अशी त्यामागची कल्पना होती. न्यायालयांपुढे अजून खटले आलेलेच नव्हते, म्हणून मसुदाकारांनी ते कल्पनेने उभे केले. ती संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि चोरीची ती उदाहरणे आजच्या संहितेतही आहेत.

मी भाचीला त्यातली दोन उदाहरणे एकाखाली एक लिहून काढायला सांगितली. आयव्या उदाहरणात 'क' आपले घड्याळ दुरुस्तीसाठी 'य' या जवाहिऱ्याकडे देतो. 'य' ने ते अडवून ठेवावे असे कोणतेही देणे 'क' कडे नाही. 'क' उघडपणे दुकानात शिरतो, 'य' च्या हातातून घड्याळ हिसकावतो आणि घेऊन जातो. कायदा सांगतो की फौजदारी अतिक्रमण आणि हल्ला कदाचित झाला असेल, पण चोरी झालेली नाही, कारण कृत्य अप्रामाणिकपणे केलेले नाही. जेव्या उदाहरणात तेच घड्याळ आहे आणि तोच जवाहिऱ्या आहे. फरक इतकाच की दुरुस्तीचे पैसे येणे आहेत, जवाहिऱ्याने त्यासाठी घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवले आहे आणि त्याचे हे तारण काढून घेण्याच्या इराद्याने 'क' घड्याळ नेतो. इथे चोरी झाली.

भाची दोन्ही उदाहरणांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, घड्याळ तर दोन्हीकडे त्याचंच आहे. स्वतःच्या वस्तूची चोरी कशी होईल?"

उत्तर तिच्या वहीतच होते, पण चुकीचे. पहिल्या घटकापुढे तिने लिहिले होते: "दुसऱ्याच्या मालकीची जंगम वस्तू." मी तिला कलमाचे शब्द वाचायला सांगितले. तिथे मालकी हा शब्दच नाही. "कोणत्याही व्यक्तीच्या कब्जातून" एवढेच आहे. वर्गात भरभर लिहून घेताना कब्जाची मालकी झाली होती. चोरीचा नेहमीचा प्रसंग दुसऱ्याच्या वस्तूचाच असतो, त्यामुळे ही चूक वर्षभर कुणाच्या लक्षात आली नसती.

आमची पहिली घटना या चुकीच्या ओळीतूनच सुरू झाली.

पाच घटकांचे पाच प्रश्न

घटना लिहिण्याआधी कलमाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा प्रश्नाच्या रूपात लिहायचा. चोरीपुरते ते असे होतात: वस्तू जंगम आहे का? ती त्या वेळी कुणाच्या कब्जात होती? त्याची संमती होती का? वस्तू हलवली का? हलवताना इरादा अप्रामाणिक होता का?

पाचवा प्रश्न एकट्या कलमावर सुटत नाही. "अप्रामाणिकपणे" या शब्दाची व्याख्या संहितेच्या कलम २(७) मध्ये आहे: एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या इराद्याने. गैरहानी म्हणजे काय, हे कलम २(३७) सांगते. माणसाचा ज्या मालमत्तेवर कायदेशीर हक्क आहे, तिची बेकायदा मार्गाने झालेली हानी म्हणजे गैरहानी. म्हणजे अप्रामाणिकपणाचा संबंध गुपचूपपणाशी नाही. दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर नेलेली वस्तूही चोरीची असू शकते आणि अंधारात नेलेली नसूही शकते. शोधायचे असते ते एवढेच: समोरच्याचा त्या वस्तूवर काही हक्क होता का आणि तो बुडवायचा इरादा होता का.

वहीतले प्रत्येक वाक्य या पाचांपैकी कोणत्या प्रश्नाचे आहे, ते भाचीने पेन्सिलीने त्याच्या कडेला लिहिले. जे वाक्य कुठेच बसले नाही, ते मूळ कलमाशी ताडून पाहिले. या खटाटोपात वहीतल्या आणखी दोन गोष्टी उघड झाल्या. तिच्याकडच्या टिपणांचा काही भाग वरच्या वर्गातल्या मैत्रिणीकडून आलेला होता आणि तो जुन्या संहितेवर बेतलेला होता. त्यात जंगम मालमत्ता म्हणजे "मूर्त" मालमत्ता असे लिहिले होते. नव्या संहितेच्या कलम २(२१) मध्ये मूर्त हा शब्द राहिलेला नाही. शिक्षेच्या भागात समाजसेवेचा उल्लेखच नव्हता. कलम ३०३(२) प्रमाणे चोरीच्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर आता समाजसेवेची शिक्षा आहे.

म्हणून टिपणे आणि कलम यांच्यात ठाम क्रम ठेवावा. कशाकडे लक्ष द्यायचे हे टिपणे सांगतात, कारण शिक्षकांनी कशावर भर दिला ते त्यात दिसते. नियम काय आहे हे मात्र कलमच सांगते.

दुसरा कायदा मदतीला

जेव्या उदाहरणात "कायदेशीरपणे अडवून ठेवले" असे म्हटले आहे. पण दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू अडवून ठेवायचा हक्क आला कुठून? याचे उत्तर फौजदारी कायद्यात नाही. भाचीच्या दुसऱ्या एका वहीत, भारतीय करार कायदा, १८७२ च्या टिपणांत ते होते. फक्त या दोन वह्या तिने कधी एकत्र उघडल्या नव्हत्या.

करार कायद्याचे कलम १७० सांगते की ज्याच्याकडे वस्तू सोपवली आहे, त्याने ठरलेल्या हेतूप्रमाणे तिच्यावर श्रम किंवा कौशल्य लागणारे काम केले असेल, तर मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवायचा त्याला हक्क आहे. उलट करार झालेला असेल, तर मात्र हा हक्क नाही. वर्गात याला लिएन म्हणतात, मराठीत धारणाधिकार. या कलमाखालीही दोन उदाहरणे जोडीने दिली आहेत. पहिल्यात जवाहिऱ्याकडे पैलू पाडण्यासाठी दिलेला हिरा आहे, तो पैसे मिळेपर्यंत ठेवता येतो. दुसऱ्यात शिंप्याकडे कोट शिवायला दिलेले कापड आहे. शिंप्याने कोट तयार होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन असे कबूल केले आहे, म्हणून तो कोट अडवू शकत नाही.

आता घटना उभी करायला सगळे साहित्य जमले. घड्याळ आणि हिरा यांच्या जागी भाचीने स्कूटर घेतली. गॅरेजच्या बंद शेडमध्ये ठेवलेली स्कूटर मालकाने रात्री दुसऱ्या किल्लीने काढून नेली, असा तो मसुदा होता. सोडवायला बसलो तर वेगळीच फांदी फुटली. संहितेच्या कलम ३०५ मध्ये मालमत्ता सांभाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून केलेल्या चोरीला आणि प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनाच्या चोरीला जास्त शिक्षा आहे. शेड ही तशी इमारत आहे का आणि खासगी स्कूटर हे तसे वाहन आहे का, या दोन वादांत आमचा मूळ प्रश्न हरवला. ते वाद चांगले आहेत, पण ते दुसऱ्या घटनेचे. एका घटनेत एकच सांधा ठेवावा. मग आम्ही स्कूटर सोडून सायकल घेतली आणि बंद शेडऐवजी उघडा पदपथ.

मूळ घटना

तिने शेवटी लिहिलेली घटना अशी:

*२० ऑगस्ट २०२४ रोजी 'क' ने आपली गिअरची सायकल कर्वे रस्त्याच्या पदपथावर बसणाऱ्या 'म' या सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे चेन आणि मागचा गिअर बदलण्यासाठी दिली. खर्च १,६०० रुपये ठरला. सायकलची किंमत ४,२०० रुपये आहे. दुसऱ्या दिवशी काम पूर्ण झाले. 'म' ने फोन करून सांगितले, "पैसे द्या आणि सायकल घेऊन जा." २२ तारखेला दुपारी 'म' सायकलला कुलूप लावून रस्त्यापलीकडे चहा प्यायला गेला. 'क' तिथे आली. तिने आपल्याकडच्या दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडले आणि आजूबाजूचे लोक बघत असताना सायकल घरी नेली. 'म' ने फोन केल्यावर ती म्हणाली, "सायकल माझीच आहे. पैसे सवडीने देईन." कलम ३०३(१) प्रमाणे चोरी झाली का?*

नावांऐवजी अक्षरे घेतली, कारण नाव दिले की वाचणारा नकळत एका बाजूला झुकतो. शेवटच्या वाक्यात कलमही बांधून दिले, म्हणजे उत्तर भरकटत नाही. तारीख महत्त्वाची आहे. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या कृत्याला जुनी संहिताच लागू होते. भाचीने सुरुवातीला तारीख घातलीच नव्हती. तारीख नसलेल्या घटनेत कोणते कलम लागू होईल, हे सांगता येत नाही.

घटना लिहिल्यावर लगेच, मागच्या पानावर, तिचे उत्तर लिहायचे. ते लिहिता आले नाही तर घटना अपुरी आहे असे समजावे. आमचे उत्तर थोडक्यात असे झाले.

सायकल जंगम आहे. 'क' ने ती दुरुस्तीसाठी सोपवली, त्या क्षणी कब्जा 'म' कडे गेला. कुलूप लावून तो चहाला गेला म्हणून कब्जा सुटत नाही. मालकी 'क' ची आहे, पण कलम मालकी विचारतच नाही. 'म' ची संमती पैसे देण्याच्या अटीवर होती आणि ती अट पाळली गेली नाही. सायकल हलवली गेली. आता उरला इरादा. ठरलेले काम 'म' ने पूर्ण केले आहे, त्यात कौशल्य लागले आहे आणि उधारीचे काही ठरलेले नाही. म्हणून करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे पैसे मिळेपर्यंत सायकल ठेवायचा त्याला हक्क होता. हा हक्क म्हणजेच त्याचे तारण. सायकल नेऊन 'क' ने ते काढून घेतले. जेव्या उदाहरणाप्रमाणे ही चोरी आहे.

यावर 'क' चा वकील काय म्हणेल, तेही लिहायला हवे. तो म्हणेल की तिने पैसे बुडवायचे कधी ठरवलेच नव्हते, ती सवडीने देणार होती. या बचावाला वजन आहे, पण फार नाही. गैरहानी कायमची असावी लागत नाही. प्यारेलाल भार्गव विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे कचेरीतून तात्पुरती बाहेर नेऊन परत ठेवलेल्या फाइलीचा प्रश्न होता. १९६२ च्या त्या निकालात तीही चोरीच ठरली. तारण काही दिवसांपुरते गेले तरी गेलेच.

एका वेळी एकच गोष्ट बदला

आता आयव्या आणि जेव्या उदाहरणांनी जे शिकवले, ते वापरायचे. मूळ घटना तशीच ठेवून एकच तथ्य बदलायचे आणि उत्तर बदलते का ते पाहायचे.

पहिला बदल उधारीचा. सायकल घेतानाच 'म' म्हणाला होता, "उद्या घेऊन जा, पैसे महिनाअखेरीला द्या." काम झाल्यावर त्याचे मन बदलले आणि तो आधी पैसे मागू लागला. बाकी सगळे तसेच. आता शिंप्याच्या कोटाचे उदाहरण लागू होते. उधारी कबूल केल्यामुळे सायकल अडवायचा हक्क 'म' ला नव्हता. हक्कच नव्हता, तर तो बुडवण्याचा प्रश्नही येत नाही. घटना जेव्या उदाहरणातून आयव्या उदाहरणात सरकली. चोरी झाली नाही. १,६०० रुपये मात्र 'क' ला द्यावेच लागतील, तो दिवाणी देण्याचा भाग. एका वाक्याने फौजदारी प्रकरण दिवाणी झाले.

दुसरा बदल जुन्या बाकीचा. या दुरुस्तीचे १,६०० रुपये 'क' ने दिले, पण दोन महिन्यांपूर्वी तिने आपली दुसरी सायकल दुरुस्त करून घेतली होती, तिचे ९०० रुपये राहिले होते. त्यासाठी 'म' ने ही सायकल अडवली. भाचीला वाटले, देणे आहेच, म्हणजे हक्क आहे. मी तिला कलम १७० चे शब्द पुन्हा वाचायला लावले. ज्या वस्तूवर काम केले, त्या वस्तूच्या संबंधातल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत, इतकाच हा हक्क आहे. इतर देण्यांसाठीही वस्तू अडवण्याचा व्यापक हक्क कलम १७१ मध्ये आहे, पण तो ठरावीक लोकांना, जसे बँकांना. सायकल दुरुस्त करणारा त्या यादीत नाही, त्यामुळे वेगळा करार नसेल तर त्याला तो मिळत नाही. चोरी नाही.

तिसरा बदल मनातला आहे आणि तोच सर्वांत कठीण. देणे आहे, हक्कही आहे. पण 'क' च्या भावाने तिला मोबाइलवर निरोप पाठवला होता: "सायकलचे १,६०० आत्ता टाकले." प्रत्यक्षात त्याने ते चुकून दुसऱ्याच नंबरवर पाठवले होते. 'म' फोनवर काही बोलण्याआधीच 'क' सायकल घेऊन गेली. इथे 'म' ची हानी झाली, पण ती करायचा इरादा 'क' च्या मनात नव्हता. पैसे पोचले आहेत, असे तिला प्रामाणिकपणे वाटत होते. चोरी इराद्यावर उभी असते, म्हणून ही चोरी नाही.

इथे भाचीने पहिल्या मसुद्यात लिहिले होते: "'क' ला वाटले की पैसे दिले आहेत." मी ते वाक्य काढायला लावले. कुणाला काय वाटले हे न्यायालयाला दिसत नाही. न्यायालयाला दिसतो तो निरोप, त्याची वेळ, त्यानंतरचे वागणे. घटनेतही तेवढेच द्यावे आणि वाटले की नाही, हे सोडवणाऱ्याला ठरवू द्यावे. मनातली गोष्ट लेखकाने सांगून टाकली, तर पाचवा प्रश्न उरतच नाही.

चौथा बदल भूमिकाच उलटवणारा. 'म' ने विश्वासाने सायकल परत दिली. 'क' ने आठ दिवस पैसे दिले नाहीत. नवव्या दिवशी 'म' ने तिच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर उभी असलेली सायकल उचलून नेली आणि पैसे दिल्यावरच परत देईन असे कळवले. देणे खरे आहे. पण वस्तू परत दिली तेव्हाच अडवून ठेवायचा हक्क संपला. आता सायकल 'क' च्या कब्जात आहे आणि ती दबावासाठी नेणे ही 'म' ने केलेली चोरी आहे. ऋणकोकडून पैसे वसूल करायला त्याची वस्तू उचलणे चोरी ठरते, हे कलकत्ता उच्च न्यायालयाने १८९५ मध्येच श्रीचरण चंगो खटल्यात सांगितले. भाचीला हे उत्तर पटायला वेळ लागला, कारण 'म' वर तिला दया आली होती. आपली दया एका बाजूला आणि कलम दुसऱ्या बाजूला जाते अशीही एक घटना सरावात असावी.

घटना बिघडली हे कसे ओळखायचे

घटना लिहिताना एक चूक सगळ्यांकडून होते. निर्णय तथ्यांतच लिहिला जातो. "'क' ने सायकल चोरून नेली", "संमती न घेता गुपचूप उचलली", "अप्रामाणिकपणे कुलूप उघडले" अशी वाक्ये आली की सोडवण्यासारखे काही उरत नाही. कलमातला कोणताही शब्द घटनेत दिसला, तर त्याच्या जागी कॅमेऱ्याला काय दिसले असते आणि फोनवर काय ऐकू आले असते, ते लिहावे. "संमती नव्हती" याऐवजी "पैसे द्या आणि घेऊन जा" हे वाक्य. संमती होती की नव्हती, ते त्या वाक्यातून काढायचे.

दुसरी चूक राहून गेलेल्या तथ्याची. ती लिहिणाऱ्याला दिसत नाही, सोडवणाऱ्याला दिसते. भाचीने घटना दोन मैत्रिणींना दिली. पहिल्या मसुद्यात काम पूर्ण झाले की नाही, हे लिहायचे राहिले होते. एकीचे उत्तर "काम झाले असेल तर चोरी, नसेल तर नाही" असे आले. दुसरीने काम झालेच असणार असे गृहीत धरले. उत्तरे वेगळी आली, पण त्यांच्यात कायद्याचा मतभेद नव्हता. अशा वेळी घटनेत ते वाक्य घालावे. याउलट दोघींनी तीच तथ्ये धरली आणि तरी "सवडीने देईन" या वाक्याचा अर्थ वेगवेगळा लावला, तर घटनेला हात लावू नये. तो खरा वाद आहे आणि परीक्षकाला तोच वाचायचा असतो. उत्तरात "जर" हा शब्द तथ्याला जोडून आला की घटना दुरुस्त करावी आणि कलमाच्या अर्थाला जोडून आला की घटना तशीच ठेवावी.

या पद्धतीला मर्यादा आहे. उदाहरणे कलमाचा अर्थ दाखवतात, पण कलमाच्या पलीकडे ती जात नाहीत. आपण बेतलेली घटना तर त्याहूनही दुबळी आहे. आपल्या मागच्या पानावरचे उत्तर बरोबर आहे असे आपल्याला वाटते, एवढेच. म्हणून प्रत्येक उत्तरात निदान एका जागी कलमाचे शब्द, कलमाखालचे उदाहरण किंवा एखादा निकाल यांचा आधार हवा. ज्या वाक्याला असा आधार मिळाला नाही, त्यापुढे भाची आता प्रश्नचिन्ह घालते आणि ते वर्गात शिक्षकांना विचारते.

दुसऱ्या रविवारी तिने नवी घटना आणली. या वेळी ती कलमापासून सुरू झाली नव्हती. तिने वहीतले एक वाक्य लाल शाईने अधोरेखित केले होते: "सापडलेली वस्तू ठेवून घेणे म्हणजे चोरी." त्याखाली तिने जीवे आणि एफवे उदाहरण एकापाठोपाठ उतरवले होते. एकात अंगठी हमरस्त्यावर पडलेली आहे आणि ती कुणाच्याच कब्जात नाही, दुसऱ्यात तीच अंगठी 'य' च्या घरातल्या टेबलावर आहे. रस्त्यावरची उचलली तर चोरी नाही, फार तर गैरविनियोग. टेबलावरची उचलली तर चोरी. या दोन जागांच्या मधली जागा तिने शोधली होती. डेक्कनवरच्या उपाहारगृहात ग्राहक उठून गेल्यावर टेबलावर राहिलेला मोबाइल, जो पुढच्या ग्राहकाने खिशात घातला. मोबाइल त्या क्षणी कुणाच्या कब्जात होता? निघून गेलेल्या ग्राहकाच्या, उपाहारगृहाच्या मालकाच्या, की कुणाच्याच नाही?

मी मागचे पान उलटून पाहिले. उत्तराच्या जागी तिने दोन्ही बाजू लिहिल्या होत्या आणि शेवटी तथ्याला जोडलेला एक "जर" होता: ग्राहक दारापर्यंतच गेला होता की घरी पोचला होता, हे घटनेत नाही. तिने पेन्सिल घेतली आणि घटनेत एक वाक्य वाढवले.